शुभ नावाचा प्रोफॉर्मा

सूड हा शब्द आमच्या घरात कुणी वापरत नसे. वडील 'न्याय' म्हणायचे, 'हक्क' म्हणायचे, फार चिडले तर 'जाब' म्हणायचे. लातूरच्या एका छापखान्यात ते कंपोझिटर होते आणि राहायला आम्ही चाकूरला. रात्री घरी येताना त्यांच्या पिशवीत भाजीबरोबर पत्रकांचे गठ्ठे असत. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. 'बंधू-भगिनींनो' हा मी स्वतःहून वाचलेला पहिला शब्द. पण मी जे सांगणार आहे त्याला न्याय म्हणणं खोटं होईल. मला सूड हवा होता. सातवीत असल्यापासून हवा होता.

माझी मावशी धर्माबादला दिलेली. तिथल्या एका शेठच्या मिरचीच्या अड्ड्यावर ती देठ खुडायला जायची. लाल मिरचीचे डोंगर, त्यांच्याभोवती बसलेल्या बाया, नाकातोंडाला पदर. देठ खुडलेली मिरची एका बाजूला, देठं दुसऱ्या बाजूला. सकाळी बसायचं ते दिवस मावळेपर्यंत. अड्ड्यावर संडास नव्हता. मागची भिंत पडलेली होती, तिच्यापलीकडे बाभळी आणि बाभळींपलीकडे रेल्वेचे रूळ. दिवसाउजेडी तिथं जायचं म्हणजे रुळावरच्या गँगमनपासून मोटरसायकलवाल्यापर्यंत सगळ्यांसमोर जायचं. म्हणून बाया पाणीच प्यायच्या नाहीत. मिरचीचा ठसका, वर उन्हाळा, आणि पाणी बंद. मावशीला लघवीची जळजळ कायमची लागली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पाणी प्या." मावशी म्हणाली, "पिते, पण जाऊ कुठं ते बी लिहून द्या की."

ते वाक्य वडिलांनी पत्रकावर छापलं. मथळा तोच: 'जाऊ कुठं?' खाली एकच मागणी, अड्ड्यावर पाण्यासकट संडास. पत्रक वाटण्याआधी मालकाला दाखवावं, ही वडिलांची रीत. मला बरोबर घेऊन ते शेठच्या गादीवर गेले. शेठचा तेव्हा चहाचा वखत होता. समोरच्या गाड्यावरून मिरचीची भजी आली होती, पुड्याचा कागद फाटला होता. शेठनं वडिलांच्या हातातलं पत्रक घेतलं, गादीवर पसरलं आणि त्यावर भजी ओतली.

"कागद चांगला हाय, पुढारी," तो म्हणाला. "तेल लवकर पितो."

वडील उभेच होते. म्हणाले, "शेठ, बायांच्या पाण्याचं काय?"

"पानी कमी प्यावं बायांनी. संध्याकाळी घरी गेल्यावर प्या म्हनावं, पाहिजे तेवढं."

गादीवरचे दोघं-तिघं हसले. शेठनं बोटं पत्रकाला पुसली आणि ते चुरगाळून मोरीत टाकलं. 'जाऊ कुठं' मधला 'जाऊ' तेवढा मला वर दिसत होता. परतताना वडील बसमध्ये म्हणाले, "विरोधकाचा अपमान करायचा नाही, लक्षात ठेव." मी मान हलवली आणि मनात म्हटलं, तुमचं तुम्ही ठेवा, माझं मी ठेवते.

पुढं मी नांदेडला बी.कॉम. केलं, निर्यातीच्या कागदपत्रांचा एक वर्ग केला, आणि त्याच शेठच्या नांदेडच्या ऑफिसात नोकरीला लागले. जागा निघाल्याचं कळलं तेव्हा दुसरीकडे कुठं अर्ज करायचं माझ्या मनातही आलं नाही. शेठनं मला ओळखलं नाही. त्याला ओळखायला कारणही नव्हतं. ज्याचा कागद मोरीत जातो त्यालाच तो आठवतो.

ऑफिसात मी आणि एक चाचा. चाचा नांदेडच्या जुन्या व्यापारी घराण्यातले, हिशेब त्यांच्याकडे, परदेशी कागद माझ्याकडे. शेठला इंग्रजी येत नसे. मेल मी वाचायची, मराठीत सांगायची, तो बोलेल ते इंग्रजीत लिहायची. आमचं मोठं गिऱ्हाईक कोलंबोचं होतं, मिरची घेऊन पुडे करून विकणारं. प्रत्येक सौद्याची सुरुवात प्रोफॉर्मा इनव्हॉइसनं व्हायची. माल जाण्याआधी पाठवायचं ते कच्चं बिल. त्यात मालाचं वर्णन, वजन, डॉलरमधला भाव, माल कुठल्या बंदरातून कुठं जाणार, आगाऊ किती आणि बाकी कधी. आमच्याकडे काही भाग आगाऊ, उरलेला बिल ऑफ लेडिंगची, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या पावतीची, प्रत मेलनं गेल्यावर. खाली बँकेचा तपशील: खातेदाराचं नाव, खाते नंबर, बँक, शाखा, स्विफ्ट कोड. आणि कुठले कागद आम्ही देणार त्याची यादी. या प्रोफॉर्माचा नंबर मग पुढच्या सगळ्या कागदांवर चढतो, पक्क्या बिलावर, पॅकिंग लिस्टवर, बिल ऑफ लेडिंगवर. पहिल्या कागदावर जे नाव लिहाल ते शेवटपर्यंत तुमच्या मागं येतं.

त्या हंगामात शेठनं मालाच्या वर्णनात एक ओळ वाढवायला सांगितली: 'स्वच्छ व आरोग्यदायी जागेत हातानं देठ काढलेली.' तेवढ्यावर भाव चढत होता.

मी विचारलं, "शेठ, आरोग्यदायी लिहू?"

"लिही की."

"तिथं संडास नाही, हात धुवायला नळ नाही."

"कागदावर संडास बांधायला सिमेंट लागतं का? लिही."

मी लिहिलं. मला वाटलं, हा माणूस आपल्या सहीनं हमी देऊन राहिला आणि त्याला पत्ता नाही.

त्याच सुमारास शेठला एक ज्योतिषी भेटला. नावातल्या अक्षरांची बेरीज करून धंद्याचं भविष्य सांगणारा. त्यानं सांगितलं की फर्मचं नाव जड आहे. पुढं 'श्री' लावा, मधल्या इंग्रजी 'ए'चे दोन करा, शेवटचं 'ट्रेडर्स' काढा आणि 'ओव्हरसीज' घाला. शिवाय एक अट. दसऱ्यापासून जुनं नाव कुठल्याच कागदावर बाहेर जाता कामा नये, नाहीतर बेरीज मोडते. शेठनं नवे लेटरहेड छापले, अड्ड्यावरची पाटी रंगवली, गाडीच्या काचेवर नाव चिकटवलं. पोती तेवढी जुन्या नावाची राहिली, कारण ती आधीच छापून आली होती. बँकेत, जीएसटीत, निर्यातीच्या परवान्यात, मसाला मंडळाच्या नोंदणीत मात्र जुनंच नाव होतं. ते बदलायचे अर्ज करू करू म्हणत कुणी केलेच नव्हते.

पहिला प्रोफॉर्मा मी वर नवं नाव आणि खाली बँकेच्या चौकटीत जुनं नाव असा केला. शेठनं बघितलं आणि लाल पेन उचललं.

"हे काय? खाली जुनं नाव कसं?"

"खातं त्या नावावर आहे शेठ. पैसे खात्याच्या नावानं येतात. आणि खरं तर वरचंही जुनंच पाहिजे."

चाचा म्हणाले, "सेठ, बँकेला जोतिष कळत न्हाई. नक्को करू असं. आधी नाव बदलू, मग कागद."

"चाचा, तुमचं वय झालं. खाते नंबर तोच हाय ना? पैसा नंबरवर येतो." मग माझ्याकडे वळून, "पोरी, तुला टायपिंगचा पगार मिळतो, अकलेचा न्हाई."

मी म्हटलं, "बरं. पण तसं लिहून सही करा, म्हणजे माझ्या ध्यानात राहील."

त्यानं बँकेच्या चौकटीतलं जुनं नाव लाल पेनानं खोडलं, वर नवं लिहिलं, 'सगळीकडे हेच' असं लिहून सही ठोकली. सही करताना तो खूश होता. मीही होते. दोनदा सांगून झालं होतं, तिसऱ्यांदा सांगायला मी त्याची आई नव्हते. त्यानं सांगितला तसाच, काना-मात्रा न बदलता, प्रोफॉर्मा मी कोलंबोला धाडला.

तिकडून आगाऊ पैसे निघाले. दोन दिवसांनी बँकेच्या परकीय चलनाच्या शाखेतून फोन आला. पैसे आलेत, पण खात्यावर टाकता येत नाहीत, खातेदाराचं नाव जुळत नाही. पाठवणाऱ्या बँकेकडून नावाच्या दुरुस्तीचा संदेश येऊ द्या, नाहीतर रक्कम परत जाईल. त्याच दुपारी मुंबईचा कस्टमचा एजंट ओरडला, परवाना एका नावाचा आणि कागद दुसऱ्या नावाचे, शिपिंग बिल दाखल कसं करू?

शेठ चाचांवर ओरडला, माझ्यावर ओरडला, मग ज्योतिष्याला फोन लावला. त्याचा फोन बंद होता. चाचा टोपी काढून डोकं पुसत म्हणाले, "बेरीज बराबर आली वाटतं सेठ. पैसा आला बी आणि न्हाई बी."

मी कोलंबोला मेल केली: नाव चुकलं, कृपया आपल्या बँकेला दुरुस्ती सांगा. पण तिथला माणूस बिचकला. पूर्वी एकदा कुणीतरी मध्येच मेल चोरून त्याला खोटा प्रोफॉर्मा पाठवला होता आणि तो बुडाला होता. आता एकाच खात्याला दोन नावं बघून त्यानं कळवलं की आधी व्हिडिओ कॉल करा. मालक दाखवा, माल दाखवा, जागा दाखवा. तोवर दुरुस्ती नाही.

शेठ मला घेऊन धर्माबादला आला. गाडीत त्यानं मला पढवलं: मिरचीचे ढीग दाखव, पोती दाखव, मला दाखव, बास. अड्ड्यावर बाया बसल्याच होत्या. मावशीनं मला बघितलं आणि ओळख दाखवली नाही. तसं आमचं ठरलेलंच होतं. शेठनं तिला सांगितलं, "ए अम्मा, आज पदर नीट घ्या सगळ्या. फॉरेनचे लोक बघनार हायत."

मावशी म्हणाली, "फॉरेनला बी पदर कळतो व्हय शेठ?" बाया खिदळल्या.

कॉलवर गिऱ्हाइकाबरोबर त्यांच्या कंपनीची माल तपासणारी एक बाई होती. चष्मा, बारीक आवाज, समोर आमचा प्रोफॉर्मा. मी ढीग दाखवले. पोती दाखवली, पोत्यांवरचं जुनं नाव आणि वरच्या पाटीवरचं नवं नाव, दोन्ही दाखवली. शेठ दाखवला. तो हात जोडून उभा होता. मग त्या बाईंनी इंग्रजीत विचारलं आणि मी माझं काम केलं, मोठ्यानं भाषांतर.

"शेठ, त्या विचारतायत, कागदावर आरोग्यदायी जागा लिहिलंय. या बायका हात कुठं धुतात?"

ढिगाभोवतीचा खुडण्याचा आवाज थांबला.

"सांग, हाय म्हनावं. मागं हाय."

मी इंग्रजीत सांगितलं: ते म्हणतात, मागे आहे.

"शेठ, त्या विचारतायत, बायकांसाठी संडास?"

"ते बी मागंच हाय म्हनावं."

मी सांगितलं: ते म्हणतात, तोही मागेच आहे.

"शेठ, त्या म्हणतायत, दाखवा."

मी त्या दिवशी माझ्या मनचा एक शब्द उच्चारला नाही, हे मी आजही छातीला हात लावून सांगेन. त्या म्हणाल्या दाखवा, तो म्हणाला होता मागं आहे, मी फोन घेऊन मागं चालू लागले. पडकी भिंत आली. बाभळी आल्या. रूळ आले. रुळावर एक माणूस पाठमोरा उभा होता, तोही आला. माझ्यामागून मावशी आली आणि फोनसमोर येऊन धर्माबादी मराठीत म्हणाली, "हे बघा बाई. हाव, हेच आमचं मागं. इथं यायचं म्हनून आमी दिसभर पानी पीत न्हाई."

बाईंनी विचारलं, काय म्हणाल्या? मी तेही शब्द न् शब्द सांगितलं. मग गिऱ्हाईक म्हणालं, लेखी कळवतो.

शेठ गाडीपाशी मला म्हणाला, "फोन बंद करता आला न्हाई तुला?"

"टायपिंगचा पगार आहे शेठ," मी म्हटलं.

मेल दुसऱ्या दिवशी आली. नावाची दुरुस्ती करू, पण सुधारित प्रोफॉर्मा हवा. नाव बँकेत आहे तेच, वर आणि खाली. बँकेचं खात्याबाबतचं पत्र सोबत. आणि वर्णनातली ओळ खरी करा: अड्ड्यावर बायकांसाठी संडास आणि हात धुवायला वाहतं पाणी, फोटो आल्यावरच दुरुस्तीचा संदेश जाईल. नाहीतर पैसे परत मागवू, मिरची आंध्रातही मिळते. मी तो मजकूर अटींमध्ये उतरवला आणि संडासाच्या आधी माझ्या पदरचा एक शब्द घातला, 'कायमस्वरूपी'. नाहीतर शेठनं पत्र्याचं खोकं उभं करून फोटो काढला असता आणि दुसऱ्या दिवशी ते भंगारात घातलं असतं. मसुदा कोलंबोला पाठवला, तिकडून मंजूर होऊन आला, मग शेठपुढं ठेवून अक्षर न् अक्षर वाचला.

"हे कायमस्वरूपी कुनी घातलं?"

"मी."

"काढ."

"काढते. पण मग मसुदा परत मंजुरीला जाईल. तोवर बँक पैसे परत पाठवेल. काढू?"

शेठनं चाचांकडे बघितलं. चाचा छताकडे बघत होते. त्यानं सही केली, जुन्या, जड, अशुभ नावावर.

संडास बांधून होईपर्यंत शेठ रोज गवंड्याला शिव्या घालत होता आणि रोज सकाळ-संध्याकाळ जाऊन काम बघत होता. ज्या माणसाला इतक्या वर्षांत एक वीट सापडली नव्हती, तो स्वतः उभा राहून फरशी घासून घेत होता, कारण फोटो चांगला यायला हवा होता. दोन खोल्या, आतून कड्या, बाहेर नळ. फोटो गेले, दुरुस्तीचा संदेश आला, पैसे खात्यावर पडले. कंटेनर मुंबईच्या बंदराला गेला. पक्कं बिल, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग, सगळ्यांवर त्या सुधारित प्रोफॉर्माचा नंबर होता. प्रत्येक कागदावर तो नंबर टाइप करताना मला 'जाऊ कुठं' छापल्यासारखं वाटत होतं.

मी धर्माबादला गेले तेव्हा भर दुपार होती. मावशी ढिगापाशी बसली होती. तिनं शेजारची पाण्याची बाटली उचलली, पदर खाली केला आणि सगळ्यांसमोर गटागटा प्यायली. निम्मी बाटली. मग तोंड पुसून आनंदाच्या भरात शेठसमोरच बोलून गेली, "माझ्या बहिणीची पोर हाय ती शेठ! पत्रकवाल्याची!"

शेठनं माझ्याकडे बघितलं. मोरी त्याला आठवली की नाही, मला माहीत नाही. एवढंच म्हणाला, "महिना भरला की हिशेब घे."

महिना भरला. नांदेडच्या ऑफिसात माझा तो शेवटचा दिवस. शेठचा चहाचा वखत झाला तशी मी खाली गेले आणि मिरचीची भजी आणली, तिखटातल्या तिखट मिरचीची. कपाटात नव्या शुभ नावाचे लेटरहेड तसेच पडून होते, आणि त्यांच्यावर रद्द झालेल्या प्रोफॉर्माच्या प्रती. एक प्रत शेठच्या टेबलावर पसरली आणि तिच्यावर भजी ओतली. दोन 'ए' असलेलं नाव हळूहळू पारदर्शक झालं.

"कागद चांगला हाय शेठ," मी म्हटलं. "तेल लवकर पितो."

चाचांचं पेन थांबलं. शेठनं कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. कुणापुढं मागं सरायचं नाही अशी त्याची जात. त्यानं सगळ्यात मोठं भजं उचललं आणि माझ्या डोळ्यात बघत पुरं खाल्लं. मग कान लाल झाले, डोळे भरले, आणि त्यानं तांब्याकडे हात केला. तांब्या मी आधीच उचलून घेतला होता.

"पानी," तो म्हणाला.

"संध्याकाळी घरी गेल्यावर प्या," मी म्हटलं. "पाहिजे तेवढं."

तांब्या खिडकीतल्या तुळशीला ओतला आणि जिना उतरले.